झरा, डोंगर, आकाश आणि टक्के

माझी मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेनं प्रगतीपुस्तकातले गुण काढून टाकले. आमच्या सोसायटीत त्यावरून एवढा आरडाओरडा झाला, जणू कुणी पाण्याच्या टाकीत विष टाकलं होतं. इंदिरानगरमधली सोसायटी, सगळे शिकलेले. कुणी विम्याच्या ऑफिसात, कुणी बँकेत, कुणी कोर्टात. चौथी शिकलेली मी एकटीच. म्हणून मी गप्प राहिले. तसंही मला चारचौघांत बोलता येत नाही. जिभेवर आलेलं परत पोटात जातं आणि मग घरी आल्यावर लिहावंसं वाटतं. नवऱ्याचं दिंडोरीला द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे. कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला डायऱ्या देतात, त्यातली एक मी घेते.

नवीन कार्ड पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीआधी मिळालं. शनिवारी पालकसभा होती. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, दुकानात गिऱ्हाईक उभं, तरी नवरा गडी बसवून आला होता. "सगळ्यांचे बाप येणार, मी नाही आलो तर बरं दिसत नाही," म्हणाला. वर्गात मोठ्या खुर्च्या नव्हत्या. सगळे बाप तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मला हसू येत होतं, पण मी पदर तोंडाला लावला.

कार्ड म्हणजे एक जाड पुस्तिका होती. पहिल्या पानावर मुलीनं स्वतःबद्दल चित्र काढलेलं, मग उंची, वजन, मग एकेक विषय. पण विषयासमोर आकडा नव्हता. मुलाला काय काय यायला हवं ती वाक्यं होती. "ओळखीचा मजकूर अर्थ समजून वाचते." "दोन अंकी संख्यांची वजाबाकी वस्तू वापरून करते." "खेळताना आपल्या पाळीची वाट पाहते." प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक चित्र रंगवलेलं होतं. झरा, डोंगर किंवा आकाश. त्याखाली वर्गाच्या बाईंनी हातानं लिहिलेल्या दोन ओळी. पुढे एका पानावर मुलीनं स्वतःला काय जमतं त्याचे चेहरे रंगवायचे होते, एका पानावर बाकावरच्या मैत्रिणीनं तिच्याबद्दल सांगायचं होतं, आणि शेवटचं पान आईबापांचं. मूल घरी काय करतं, कशात रमतं, कशात त्याला मदत लागते, ते तिथं लिहायचं.

सोबत पालकांना समजावं म्हणून एक वेगळा कागद दिला होता. त्यावर सोप्या भाषेत लिहिलं होतं. झरा म्हणजे मुलाची सुरुवात झाली आहे, मदत दिली की करतं. डोंगर म्हणजे बरेचदा स्वतःहून करतं. आकाश म्हणजे सहज करतं, नवीन ठिकाणीसुद्धा वापरतं आणि दुसऱ्याला समजावून देतं. एकच मूल एका गोष्टीत झरा आणि दुसऱ्या गोष्टीत आकाश असू शकतं. बेरीज करू नये. दोन मुलांची तुलना करू नये. झरा म्हणजे नापास नव्हे, तिथं मोठ्यांनी काय करायचं हे बाईंनी खाली लिहिलेलं आहे, ते वाचावं.

मी तो कागद बाकावरच बसून दोनदा वाचला. मला समजला. मला समजला म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना समजायला हवा होता. पण समजायला आधी वाचावा लागतो. माझ्या नवऱ्यानं त्याची घडी घालून खिशात टाकली आणि हात वर केला.

"मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण पोरगी पास का नापास?"

बाई तशा तरुणच, आवाज शांत. "तिसरीत नापास कुणालाच करत नाही, दादा."

"मग टक्के किती?"

"टक्के नाहीत यात."

"नसतील. पण असते तर किती असते?"

मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, "बरोबर विचारलं साहेबांनी. आणि हे उंची-वजन लिहिलंय, त्याला किती मार्क?"

"उंचीला मार्क नसतात हो," बाई म्हणाल्या.

"मग लिहिलंय कशाला?"

सगळे हसले, पण बाईंना हसले, त्या माणसाला नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली बाई उभी राहिली. विम्याच्या ऑफिसात ती मोठ्या हुद्द्यावर आहे. आमच्या मुलांच्या वर्गाच्या ग्रुपची ती प्रमुख. तिनं विचारलं, "म्हणजे आमचं मूल वर्गात कितवं आहे हे आम्हाला कधीच कळणार नाही?"

"त्याला काय येतं ते कळेल," बाई म्हणाल्या.

"ते आम्हाला माहीत आहे. आम्हाला इतरांचं कळायला हवं."

हे ती अगदी सरळ चेहऱ्यानं बोलली आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

आमच्या मुलीच्या कार्डावर बरीच आकाशं होती. चित्रकला, गाणी, गोष्ट सांगणं, परिसर. वाचनासमोर मात्र झरा होता. खाली बाईंनी लिहिलं होतं, "गोष्ट ऐकून छान लक्षात ठेवते. जोडाक्षर आलं की थांबते आणि चित्र बघून अंदाज करते. घरी रोज थोडा वेळ शब्दाखाली बोट ठेवून वाचून घ्यावे. शाळेत वाचनगटात घेतले आहे."

मला ते वाचून वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. गेलं वर्षभर मला संशय होता. मुलगी धडा घडाघडा म्हणायची आणि नवरा खूष व्हायचा. पण मी भाकरी थापता थापता बघितलं होतं, तिचं बोट एका ओळीवर असायचं आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर. धडा तिला पाठ होता. "स्वच्छता" असं लिहिलेलं असायचं आणि ती झाडूचं चित्र बघून "साफसफाई" म्हणायची. अर्थ तोच, शब्द मात्र तिनं मनानंच घातलेला. गेल्या वर्षी कार्डावर मराठीत पंचाऐंशी गुण होते. ते पंचाऐंशी गुण पाठांतराचे होते हे कुणाला दिसलं नव्हतं. या बाईंना ते चार महिन्यांत दिसलं.

चेहऱ्यांच्या पानावर मुलीनं स्वतः वाचनासमोर विचारात पडलेला चेहरा रंगवला होता, म्हणजे मला मदत हवी. आठ वर्षांची पोर खरं बोलली होती. पुढचं सगळं मोठ्यांनी केलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "हे काय झरा नि डोंगर? आमच्याकडे द्राक्षाची गोडीसुद्धा यंत्र लावून आकड्यात सांगतात. माल एक्स्पोर्टचा आहे का लोकलचा, एका दमात सांगायचं. शेतकऱ्याला मी सांगू का, तुमचा बाग डोंगरावर आहे?"

मी म्हटलं, "अहो, खाली लिहिलंय बघा, जोडाक्षरं..."

"ते सोड. टक्के किती ते बघू."

टक्के समोरच्या बाईनं काढून दिले. रात्रीचं जेवण व्हायच्या आत ग्रुपवर तिचा तक्ता आला. आकाशाला तीन, डोंगराला दोन, झऱ्याला एक. सगळ्या वाक्यांची बेरीज, मग टक्के, मग पहिला, दुसरा, तिसरा. बेरीज करू नये असं लिहिलेला कागद सगळ्यांच्या घरात होता आणि त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर लोक बेरीज करत होते. माझ्या नवऱ्यानंही तशीच केली. तक्त्यात मुलांनी रंगवलेले चेहरेसुद्धा धरले होते. म्हणजे जे मूल खरं बोललं त्याचे टक्के कमी, आणि ज्यानं डोळे मिटून सगळे हसरे चेहरे रंगवले ते पहिल्या पाचात. पाळीची वाट पाहण्याचेही तीन गुण होते. ज्या मुलाला पाळीची वाट पाहता येत नाही त्याच्या बापानं ग्रुपवर इतरांच्या आधी उत्तर टाकलं.

समोरच्या बाईच्या स्वतःच्या मुलालाही वाचनात झराच होता. तिच्याच तक्त्यात तिचं पोर मधल्या कुठल्यातरी नंबरावर गेलं. हे तिला सहन होणं शक्य नव्हतं. तक्ता चुकला असं तिला वाटलं नाही. शाळा चुकली असं वाटलं.

सुट्टीनंतर पालकांचं शिष्टमंडळ मुख्याध्यापकांकडे गेलं. नवरा होता त्यात. परत आला तेव्हा छाती फुगवून सांगत होता. "सरांना सांगितलं सरळ, पोरांना झरा म्हणून हिणवता का? पोरांचं मन मोडतं त्यानं. पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे ॲडमिशन बघू म्हटलं. ॲडमिशनचं नाव काढलं आणि सर पाघळले."

मुलांचं मन मोडलं होतं की नाही ते कुणी मुलांना विचारलं नाही. माझी मुलगी तर त्या दिवसांत खुशीत होती. झरा असलेल्या मुलांना बाई आठवड्यातून तीन दिवस छोट्या सुट्टीनंतर वाचनालयाच्या खोलीत घेऊन बसायच्या. त्या गटाचं नाव मुलांनीच ठेवलं होतं, मुंग्या. मुंगी कशी एकेक दाणा नेते तसं एकेक अक्षर न्यायचं. कार्डबोर्डाचे तुकडे होते, अर्धा स, पूर्ण व, जोडून स्व करायचा. मुलगी घरी येऊन जमिनीवर खडूनं अर्धी अक्षरं काढायची आणि मला विचारायची, "आई, याच्यापुढे काय ठेवलं तर तुझं नाव होईल?" मीसुद्धा तिच्याबरोबर बसायचे. रोज बोट ठेवून वाचायचो. मला वाचता येतं, पण मला ते कसं येतं हे मला सांगता येत नाही. ती अडली की मी आपला शब्द सांगून टाकायचे. बाईंना अडलेलं सोडवता यायचं. माझ्यात आणि त्यांच्यात तोच फरक होता.

डिसेंबरात नवीन कार्डं आली. मुखपृष्ठावर "सुधारित" असा शिक्का. आमच्या मुलीच्या वाचनासमोर आकाश रंगवलेलं होतं. खाली छापलेलं वाक्य होतं, "वाचन उपक्रमात उत्साहाने सहभागी होते. प्रगती समाधानकारक." बाईंनी हातानं लिहिलेली ओळ गेली होती. संध्याकाळी जिन्यात तीन बायका आपापली कार्डं घेऊन उभ्या होत्या आणि तिघींच्या मुलांनाही उत्साह होता आणि समाधानकारक प्रगती होती. अक्षरशः एकच वाक्य. पण आकाश मिळालं होतं ना, मग वाक्य कोण बघतो. नवीन तक्त्यात जवळजवळ सगळेच नव्वदच्या वर गेले. नवऱ्यानं पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, मुंग्या बंद झाल्या."

"का गं?"

"बाई म्हणाल्या, आता सगळे आकाशात गेलेत."

मी पेढ्यांचा डबा फडताळात सगळ्यात वर ठेवून दिला. मला त्याकडे बघवेना.

त्यातली मेख अशी होती. वाचनगट झरा असलेल्या मुलांसाठी होता. आता शाळेत कागदावर एकही झरा नव्हता, म्हणून वाचनालयाची खोली त्या वेळेला दुसऱ्या वर्गाला देऊन टाकली. बाईंचा तो तासही दुसरीकडे लावला. शाळेनं मुलांचं शिकणं थांबवून आईबापांना आकाश दिलं आणि आईबापांनी पेढे वाटले. पोरगी पुन्हा धडा पाठ करायला लागली. पंधरा दिवसांत बोट आणि तोंड पुन्हा वेगवेगळ्या ओळींवर गेलं. तिसरी अशीच जाईल, चौथी अशीच जाईल, आणि पाचवीत वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर तिथं थांबवतातही. मी चौथीनंतर थांबले ते गावात पुढचा वर्ग नव्हता म्हणून. हिला इंदिरानगरात घर, शाळा, बाई सगळं असून कागदावरच्या चित्रापायी थांबावं लागणार होतं.

मी एका रात्री नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "अगं, शाळा म्हणते आकाश आणि तू म्हणतेस येत नाही? तू काय शाळेपेक्षा शहाणी का?" दिवाळीआधी शाळा झरा म्हणत होती तेव्हा हा शाळेपेक्षा शहाणा होता. पण हे मी बोलले नाही. इथं लिहिलं.

सुधारित कार्डावर सही करून, शेवटचं आईबापांचं पान भरून परत द्यायचं होतं. त्यासाठीही ग्रुपवर तयार मजकूर आला. समोरच्या बाईनंच पाठवला होता. "माझे मूल रोज अर्धा तास अवांतर वाचन करते. मोबाईलचा वापर मर्यादित आहे. नवीन गोष्टी शिकण्याची जिज्ञासा आहे." खाली लिहिलं होतं, सर्वांनी थोडे शब्द बदलून लिहावे. बहुतेकांनी शब्दही बदलले नसणार. घराघरांत त्या वेळी मुलं मोबाईल घेऊन बसली होती आणि आया मोबाईलमध्ये बघून मोबाईल मर्यादित असल्याचं उतरवून घेत होत्या.

नवरा म्हणाला, "समोरच्या वहिनींना दे भरायला. त्यांचं अक्षर चांगलं आहे. तुझं कशाला."

मी समोरच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. आत त्यांचा मुलगा धडा म्हणत होता. घडाघडा, एका सुरात, जसा माझ्या घरी म्हटला जातो तसाच. आई मध्येच म्हणाली, "अरे, पान तरी उलट!"

मी परत आले, ओटा पुसला आणि त्यावर कार्ड ठेवून लिहिलं. माझं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, तीन ओळींत जागा संपली.

"जोडाक्षर आलं की हिचं वाचन थांबतं. ही वाचत नाही, पाठ म्हणते. मुंग्यांच्या तासाला बसवलं तर शिकत होती."

पेननं लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं असतं तर सकाळी मी खोडलं असतं हे मला माहीत होतं.

शाळेत जायचा धीर मला सहज आला नाही. शाळेजवळच्या जॉगिंग ट्रॅकला एक फेरी मारली, मग अर्धी आणखी मारली. मग म्हटलं, सुटेल शाळा. बाई स्टाफरूमच्या दारात भेटल्या. मी कार्ड उघडून पुढे धरलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर बरं नाय माझं."

"अक्षराचं राहू द्या." त्यांनी कपाटातून एक वही काढली. त्यात मुलीच्या नावापुढे दिवाळीआधीच्या नोंदी होत्या, कुठल्या दिवशी कुठला शब्द अडला ते सगळं. "माझ्याकडे आहे हे सगळं. पण मी म्हटलं तर शिक्षिका मुलांना हिणवते असं होतं. पालकांचं पान हे कार्डाचाच भाग आहे. इथं आईनं लिहिलंय म्हटल्यावर मला सरांकडे जाता येईल. तुम्ही याल बरोबर?"

मला यायचं नव्हतं. पाय मात्र निघाले.

मुख्याध्यापक सरांनी कार्ड चाळलं, चष्मा वर केला. "ताई, मिस्टर नाही आले?"

"दुकानात हायेत."

"तुम्हाला नक्की काय हवंय?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हटलं, "तो झरा परत द्या."

"झरा हवाय?" सर खुर्चीत पुढे आले. "ताई, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत खाली आणा म्हणून आलेला पालक मी पहिल्यांदा बघतोय. तिला वाचनात आकाश दिलंय हो आपण!"

"तिला वाचता येत नाय."

"पण कार्डावर तर..."

"कार्डावर येतं. घरी येत नाय."

सरांनी कार्ड पुन्हा चाळलं. मग बाईंना म्हणाले, "आणि उद्या यांचे मिस्टर येऊन भांडले म्हणजे? मागच्या वेळी टेबलावर हात आपटत होते."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "ते कार्ड वाचत नाय. टक्के बघतात."

बाईंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. सरांना हसू आलं नाही, पण सुटल्यासारखं वाटलं असावं. आईची लेखी नोंद आहे, शिक्षकांच्या वर्गनोंदी आहेत, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. त्यांना मुलीपेक्षा तो कागद जास्त आवडला. त्यांनी बाईंना आकाशावर आडवी रेघ मारून झरा रंगवायला सांगितला आणि शेजारी सही केली. छापलेल्या वाक्याखाली बाईंनी पुन्हा हातानं लिहिलं. जवळजवळ दिवाळीआधीचंच वाक्य. फक्त एक भर घातली, "स्व, क्त, त्र ही अक्षरे आता ओळखते."

मुंग्यांचा तास पुन्हा सुरू झाला, पण मुंगी एकच. एका मुलीसाठी खोली मिळेना, म्हणून बाई तिला व्हरांड्यात पायरीवर घेऊन बसायच्या.

घरी जे व्हायचं ते झालं. दुरुस्त करून घरी पाठवलेलं कार्ड नवऱ्यानं बघितलं. "तू स्वतःच्या हातानं पोरीचे टक्के कमी केलेस?" मी भाकरी वाढली. "काय विचारतोय मी? लोकांच्या बायका पोरांना वर नेतात." मी वांग्याची भाजी वाढली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला त्या दोन दिवसांत बरीच कामं उरकता आली. पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायला त्यानं कार्डाचा फोटो काढला तेव्हा वाचनाची ओळ आणि माझं पान अंगठ्यानं झाकलं. फोटोत अंगठा छान आला होता.

जानेवारीत एकदा समोरच्या बाईनं दार अर्धं उघडून मला हाक मारली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाली, "वहिनी, एक विचारू? ग्रुपवर टाकू नका हं."

मी आजवर ग्रुपवर नमस्कारसुद्धा टाकलेला नाही.

"तो पायरीवरचा तास... त्याला काही लेखी लागतं का? म्हणजे कार्डावर काही बदलावं लागतं?"

"मला नाय माहीत. बाईंना विचारा."

"आमच्याला गरज नाहीये तशी. पण म्हटलं बसेल बिचारा, नाहीतरी तेवढा वेळ उड्याच मारतो."

दुसऱ्या दिवसापासून तो पायरीवर बसायला लागला. त्याच्या कार्डावर आकाश तसंच राहिलं. मग आणखी एक आला, मग जिन्यातल्या त्या तिघींपैकी दोघींची मुलं. प्रत्येकीनं बाईंना जाऊन कानात सांगितलं, ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. कागदावर सगळे आकाशात होते आणि सुट्टीनंतर पायरीवर मुंग्यांची रांग लागत होती. बाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. मी असते तर एकेकीला विचारलं असतं, कार्डावर आकाश आहे ना, मग कशाला? त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

मुलीचं वाचन हळूहळू सुटलं. एकदम नाही. काही दिवस ती धडा पूर्वीपेक्षा वाईट म्हणायची, कारण आता पाठ म्हणण्याऐवजी ती खरंच अक्षरं बघत होती, आणि नवरा म्हणायचा, "बघ, आधी किती छान वाचायची." मग एकदा हायवेखालच्या बोगद्यातून गाडी जाताना तिनं भिंतीवरची रंगवलेली पाटी मोठ्यानं वाचली. "स्वच्छ शहर, सुंदर शहर." झाडूचं चित्र तिथं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

एप्रिलमध्ये वर्षअखेरीचं कार्ड घरी आलं. तीच पुस्तिका, दुसऱ्या सत्राची पानं भरलेली. वाचनासमोर डोंगर होता, खाली बाईंच्या हातच्या दोन ओळी. नवरा मोबाईल काढून बेरीज करायला बसला. मुलगी माझ्या मांडीला टेकून पानं उलटत होती. डिसेंबरातल्या माझ्या पानावर ती थांबली. शब्दाखाली बोट ठेवून तिनं वाचलं.

"जो-डाक्षर आलं की हिचं वाचन थांबतं. ही वाचत नाही, पाठ म्हणते." तिचं बोट त्याच ओळीवर होतं. पुढचंही वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "आई, हे तू लिहिलंस? हे आता खोटं आहे. खोड."

"पेननं लिहिलंय. खोडता येत नाय."

"मग या वेळचं पान कोरं आहे, त्यावर खरं लिही."

"काय लिहू?"

तिनं थोडा विचार केला. बापाकडे बघितलं. तो ओठ हलवत तीन आणि दोन पाच करत होता.

"लिही, मी वाचते. बाबा अजून बेरीज करतात."

नवऱ्यानं मान वर केली नाही. त्याची बेरीज चुकेल म्हणून आम्हीही आवाज केला नाही. मी पेन घेतलं आणि ती म्हणाली तसंच, मोठ्या वाकड्या अक्षरांत, दोन ओळींत लिहिलं. तिनं बोट ठेवून एकदा वाचून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली.